पाइपची रिंग वरून दाबली तर किती दबते? स्ट्रेन एनर्जीने काढूया, मग मोजूया

माझा भाचा फर्मागुडीला मेकॅनिकल शिकतो, चवथीच्या सुट्टीत आमच्या कुंडईच्या शेडवर आला आणि म्हणाला, "मामा, रिंगचा तो फॉर्म्युला पाठ आहे पण तो ०.१४९ कुठून येतो तेच कळत नाही." मी त्याला सहा इंची पाइपचा एक तुकडा दिला आणि म्हटलं, चल, आधी कागदावर काढ आणि मग मोजून बघ. दोन दिवस गेले त्यात, पण नीट कळलं. तेच इथे सगळं सविस्तर लिहितोय. बेंडिंग मोमेंट म्हणजे काय आणि साधं इंटिग्रेशन कसं करतात एवढं येत असेल तर बाकी सगळं जमेल.

प्रश्न असा आहे. एक पातळ गोल रिंग उभी ठेवली आहे, वरच्या टोकावर P एवढा भार खाली दाबतोय, खालच्या टोकाला तेवढाच P वर ढकलतोय. उभा व्यास कमी होतो, आडवा वाढतो. उभा व्यास किती कमी होतो ते काढायचं. R म्हणजे मधल्या रेषेची त्रिज्या, म्हणजे बाहेरच्या व्यासातून भिंतीची जाडी वजा करून जे येतं त्याचं अर्धं. बरेच जण इथेच बाहेरची त्रिज्या घेऊन टाकतात, आणि R चा घन होणार असल्यामुळे ती चूक तिप्पट होऊन अंगावर येते.

आधी रिंग कुठे कापायची ते ठरवा

रिंग बंद आहे, त्यामुळे नुसत्या बॅलन्सच्या समीकरणांनी आतली बलं सगळी सापडत नाहीत. कापायची जागा हुशारीने निवडली की काम सोपं होतं. आडव्या व्यासावर कापा, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला, भारापासून ९० अंशांवर. आता वरचा अर्धा भाग बघा. त्याच्यावर P खाली येतोय, दोन कापलेल्या तोंडांनी तो उचलायचा आहे, डावी-उजवी सारखीच आहेत म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला P/2.

तोंडावर आडवं बल, म्हणजे शिअर, असेल का? भाचा म्हणाला असेल. मी म्हटलं, समज वरच्या अर्ध्याच्या दोन्ही तोंडांवर ते आतल्या बाजूला ढकलतंय, मग खालच्या अर्ध्याच्या तोंडांवर ते उलट, बाहेरच्या बाजूला असायला हवं. पण खालचा अर्धा म्हणजे वरच्याचं आरशातलं रूप आहे, त्याच्यावरही आतच ढकलायला हवं. दोन्ही एकदम खरं असायचं तर ते बल शून्यच पाहिजे. हा विचार एकदा स्वतः करून बघा, घोकू नका, कारण भार तिरका असला किंवा फक्त एका बाजूने असला की ही सिमेट्री जाते आणि मग शून्य धरता येत नाही.

उरला तो तोंडावरचा मोमेंट, त्याला M0 म्हणू. हा सिमेट्रीने सापडत नाही, बॅलन्सने पण नाही. स्ट्रेन एनर्जी इथे कामाला येते.

मोमेंट लिहा

आडव्या व्यासापासून θ कोन वर जा. त्या जागेला आणि कापलेल्या तोंडाला जोडणाऱ्या कमानीच्या तुकड्यावर तोंडातून P/2 उभं लागतंय. त्याचा आडवा हात किती? तोंड मध्यापासून R वर आहे आणि आपली जागा R cos θ वर, म्हणून हात R(1 - cos θ). इथे R sin θ लिहिणारे खूप भेटतात. उभ्या बलाचा हात आडवा मोजतात एवढं डोक्यात ठेवलं की ती चूक होत नाही.

```
M(θ) = M0 - (P·R/2)·(1 - cos θ)
```

चिन्ह असं धरलंय की रिंग जास्त वाकडी होत असेल तर मोमेंट अधिक, आणि सरळ होत असेल तर उणे. दाबलेली रिंग नजरेसमोर आणा, बाजूला ती जास्त वाकते आणि भाराखाली चपटी होते. म्हणजे शेवटी θ = 0 ला अधिक आणि ९० अंशाला उणे आलं पाहिजे. उत्तर आल्यावर हे तपासायचं.

M0 काढा

पातळ रिंगमध्ये जवळजवळ सगळी ऊर्जा वाकण्यात साठते. पाव रिंगची ऊर्जा गुणिले चार, E म्हणजे धातूचा यंग्ज मॉड्युलस आणि I म्हणजे भिंतीच्या सेक्शनचा मोमेंट ऑफ इनर्शिया:

```
U = 4 · ∫(0..π/2) [ M² / (2·E·I) ] · R dθ
```

आता कास्टिल्यानोचा नियम. कार्लो अल्बेर्तो कास्टिल्यानो हा इटलीचा इंजिनियर, १८७३ मध्ये तुरीनला दिलेल्या प्रबंधात त्याने हे मांडलं. साध्या भाषेत, ऊर्जेचा एखाद्या बलाने डेरिव्हेटिव्ह घेतला की त्या बलाच्या दिशेतलं सरकणं मिळतं, आणि मोमेंटने घेतला की तिथलं वळणं मिळतं. आपलं कापलेलं तोंड वळतं का? नाही, सिमेट्रीमुळे ते आडवंच राहतं, कारण वळलं तर वरचं तोंड एका बाजूला आणि खालचं दुसऱ्या बाजूला वळून मध्ये फट पडेल, आणि रिंग तर अखंड आहे. म्हणून M0 ने घेतलेला डेरिव्हेटिव्ह शून्य. त्यातून निघतं की पाव रिंगवर M चं इंटिग्रल शून्य:

```
∫(0..π/2) M dθ = 0
M0·π/2 - (P·R/2)·(π/2 - 1) = 0
M0 = P·R·(1/2 - 1/π) = 0.182·P·R
```

हे परत मोमेंटमध्ये घातलं की छान सुटसुटीत होतं:

```
M(θ) = P·R·( cos θ / 2 - 1/π )
```

θ = 0 ला ०.१८२ PR, भाराखाली उणे ०.३१८ PR. आपण आधी म्हटलं होतं तशीच चिन्हं आली. भाराखालचा मोमेंट बाजूच्या पावणेदोन पट आहे, म्हणून रिंग पिचली तर आधी भाराखाली पिचते.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सगळ्यात आवडते. cos θ जिथे 2/π होतो तिथे मोमेंट शून्य. तो कोन आडव्या व्यासापासून साधारण ५०.५ अंश, म्हणजे भाराच्या रेषेपासून ३९.५ अंश. अशा चार जागा आहेत. याचा उपयोग पुढे येतो, विसरू नका.

उभं दबणं काढा

आता M चा वर्ग करून इंटिग्रेट करायचं. cos² चं 0 ते π/2 इंटिग्रल π/4, cos चं 1, एवढीच दोन लागतात.

```
U = (2·P²·R³ / EI) · [ π/16 - 1/π + 1/(2π) ]
U = (P²·R³ / EI) · [ π/8 - 1/π ]

δ = dU/dP = (P·R³ / EI) · [ π/4 - 2/π ]
δ = 0.1488 · P·R³ / EI
```

भाच्याला इथे दोन शंका आल्या आणि दोन्ही बरोबर होत्या. पहिली, M0 मध्ये पण P आहे, मग डेरिव्हेटिव्ह घेताना M0 स्थिर धरायचा की P चा धरायचा? कसाही धरा, उत्तर तेच, कारण M0 ने घेतलेला डेरिव्हेटिव्ह शून्यच केलेला आहे, त्याचा वाटा आपोआप जातो. दुसरी शंका, हे δ अर्ध्या रिंगचं की पूर्ण व्यासाचं? पूर्ण व्यासाचं. वरचा P आणि खालचा P जवळ येताना दोघं मिळून जे काम करतात ते P गुणिले दोघांमधलं अंतर जितकं कमी झालं तितकं, आणि U आपण पूर्ण रिंगची घेतली आहे. पाव रिंगची U घेऊन चारने गुणायचं राहिलं तर उत्तर चौथाई येतं, आणि ती चूक डोळ्याला दिसत नाही कारण फॉर्म्युला दिसायला तसाच दिसतो.

M0 पूर्ण विसरला तर काय होतं तेही करून बघितलं. तेव्हा गुणांक ०.३५६ येतो, म्हणजे जवळजवळ २.४ पट. ते उत्तर एका वेगळ्याच वस्तूचं आहे, बाजूला दोन बिजागऱ्या लावलेल्या रिंगचं. तुमचा गुणांक ०.३५६ आला तर चूक कुठे शोधायची ते आता माहीत आहे.

आडवा व्यास किती वाढतो ते पण याच पद्धतीने निघतं, आडवं एक खोटं बल लावून त्याने डेरिव्हेटिव्ह घ्यायचा आणि शेवटी ते बल शून्य करायचं. गुणांक (2/π - 1/2), म्हणजे ०.१३६६. उभं जेवढं दबतं त्याच्या साधारण ९२ टक्के आडवं फुगतं.

आता खरी रिंग

आमच्याकडे पडलेल्या पाइपचा बाहेरचा व्यास १६५ मिमी, भिंत ५ मिमी, आणि तुकडा २५ मिमी रुंदीचा कापला. दोन्ही कडा ग्राइंडरने घासून समांतर केल्या, नाहीतर रिंग तिरकी उभी राहते. मधली त्रिज्या (१६५ - ५)/२ = ८० मिमी. I मध्ये कुठली बाजू क्यूब करायची यात नवीन माणूस फसतो. रिंग आपल्याच प्रतलात वाकते, म्हणून जाडीचा घन, रुंदीचा नाही. भार ५० किलो, म्हणजे साधारण ४९० न्यूटन.

```
I = 25·5³/12 = 260.4 mm⁴
E = 200000 N/mm²
P·R³/EI = 490·80³ / (200000·260.4) = 4.82 mm
δ उभं  = 0.1488·4.82 = 0.72 mm
δ आडवं = 0.1366·4.82 = 0.66 mm
```

भाराखालचा मोमेंट ०.३१८·४९०·८० म्हणजे जवळजवळ १२,५०० न्यूटन-मिमी, सेक्शन मॉड्युलस २५·५²/६ = १०४ मिमी³, त्यामुळे ताण साधारण १२० न्यूटन प्रति चौरस मिमी. साध्या एमएसला चालतं, रिंग परत मूळ आकारात येईल.

फक्त वाकण्याचीच ऊर्जा घेतली ती चालते का हे पण बघून घ्या. दाबाची ऊर्जा वेगळी काढली तर तिच्यामुळे δ मध्ये साधारण ०.००१ मिमी वाढतात, शिअरमुळे साधारण ०.००४. ०.७२ च्या पुढे हे एक टक्क्याच्या आतच. आपली R/t, म्हणजे त्रिज्या भागिले जाडी, सोळा आहे म्हणून. R/t दहाच्या खाली गेली की हा साधा हिशोब मला तरी पुरेसा वाटत नाही, मग जाड वाकड्या बीमचा हिशोब लागतो.

मोजण्याची मांडणी

दोन टेबलांमध्ये फट ठेवली, त्यावर १०० मिमीचा चॅनेल पालथा टाकला आणि चॅनेलच्या सपाट पाठीवर रिंग उभी केली. गडगडू नये म्हणून खाली दोन्ही बाजूंना एकेक आगपेटीची काडी. रिंगच्या माथ्यावर, रुंदीच्या दिशेने, १२ मिमीची गोल सळी आडवी ठेवली, चॅनेलच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येईल इतकी लांब. सळीच्या दोन टोकांना साखळ्या, त्या फटीतून खाली, आणि खाली पाट्यावर वजन. भार असा एका रेषेवर येतो, सपाट पट्टी ठेवली असती तर तो पसरला असता आणि आपला फॉर्म्युला पॉइंट लोडचा आहे.

वजन म्हणून पाण्याचे पाच कॅन घेतले, प्रत्येक काट्यावर ठेवून पाणी कमी-जास्त करून नेमका १० किलो केला. डायल गेज ०.०१ मिमीचा, त्याचं टोक रिंगच्या आतून माथ्याला खालून टेकवलं, जिथे वरून सळी आहे बरोबर त्याच्याखाली.

पाइपला लांबीभर वेल्डचा सांधा असतो. आतून बोट फिरवलं की उंचवटा लागतो. तो भाराखाली किंवा बरोबर बाजूला आला तर तिथे जाडी जास्त, मोमेंट पण जास्त, हिशोब बिघडतो. म्हणून तो सांधा मोमेंट शून्य असलेल्या जागी आणा. आमच्या रिंगवर माथ्यापासून बाहेरच्या गोलाईवर टेपने ५७ मिमी मोजून खूण केली आणि सांधा त्या खुणेवर फिरवला. तिथे धातू वाकतच नाही म्हटल्यावर तिथली जाडी किती आहे याने काही बिघडत नाही.

मग सळी, साखळ्या आणि रिकामा पाटा लावून दोन-तीनदा हलकेच दाबून रिंग बसू द्यायची, तेव्हा गेज शून्यावर आणायचा. त्यानंतर एक एक कॅन.

आणि उत्तर जुळलं नाही

पहिल्या खेपेला पाच कॅनवर गेज १.१० दाखवायला लागला. भाच्याला वाटलं फॉर्म्युलाच चुकला. मी गेजचा मॅग्नेटिक बेस कुठे आहे बघितलं तर तो टेबलाच्या लोखंडी पायावर. चॅनेल स्वतः वाकतोय आणि त्यावरची अख्खी रिंग खाली जातेय, ते पण मोजलं जात होतं. बेस उचलून चॅनेलवरच, रिंगच्या शेजारी लावला, म्हणजे आता फक्त माथा आणि तळ यांच्यातलं अंतर मोजलं जाणार. आता ०.८२ आलं. हे ओळखायचं कसं? रिंगच्या तळाला दुसरा गेज टेकवा, तो हलला तर तुम्ही रिंगबरोबर टेबल पण मोजताय.

०.८२ आणि ०.७२ यात अजून फरक होताच. प्रत्येक कॅनला वाढ सारखी, १६-१७ घरं, आणि वजन काढलं की गेज शून्यावर परत येतो. म्हणजे घर्षण नाही, रिंग पिचली नाही, सगळं सरळ रेषेत आहे, फक्त रिंग हिशोबापेक्षा मऊ आहे. सरळ रेषेतला फरक असेल तर शंका I वर घ्यायची, आणि I मध्ये जाडीचा घन आहे. पाइप दोन पावसाळे उघड्यावर पडलेला, आमच्याकडचा पाऊस आणि खारी हवा, वर जुना रंग आणि खाली गंज. व्हर्निअरने ५ मोजलं ते रंग आणि गंजासकट. चार ठिकाणी पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासलं, बॉल-टोकाच्या मायक्रोमीटरने मोजलं, ४.८ निघाली. बॉल-टोक का, तर आतली बाजू खोलगट असते आणि सपाट टोकाचा मायक्रोमीटर तिथे कडांवर टेकून जास्त जाडी दाखवतो.

```
R = (165 - 4.8)/2 = 80.1 mm
I = 25·4.8³/12 = 230.4 mm⁴
δ = 0.1488·490·80.1³ / (200000·230.4) = 0.81 mm
```

जाडीत चार टक्के गेले आणि δ मध्ये तेरा टक्के वाढले. मोजलेलं ०.८२, हिशोब ०.८१. भाच्याने गेजकडे बघून नुसतं "हां" म्हटलं आणि वहीत आधीच्या उत्तरावर काट मारली.

मग आडवा व्यास व्हर्निअरने आतून मोजला. तो ०.७४ ने वाढला, हिशोबाने ०.८१ चे ९२ टक्के म्हणजे ०.७५. हे गुणोत्तर फार कामाचं आहे, कारण त्यात E नाही, जाडी नाही, भार पण नाही. जाडी कितीही चुकीची धरली असली तरी आडवं भागिले उभं ०.९२ च्या आसपासच यायला पाहिजे. ते आलं नाही तर चूक मापात नाही, मांडणीत आहे, भार बरोबर व्यासावर येत नाहीये किंवा रिंग तिरकी उभी आहे.

ती रिंग आता शेडवर खिळ्याला टांगलेली आहे, आतून डायल गेज कायमचा बसवलाय. ४९० ला ०.८२, म्हणजे गेजचं एक घर साधारण ६ न्यूटन, सहाशे ग्रॅम. दाबाचं बल ढोबळ मोजायला ती वापरतो. तिच्यावर खडूने "७० किलोच्या वर नको" लिहिलंय. खऱ्या जाडीने ५० किलोला भाराखालचा ताण १३० येतो, ७० ला १८२, आणि ९० ला तो २३५ च्या घरात, साधा एमएस तिथे पिचायला लागू शकतो. एकदा पिचली की वजन काढल्यावर गेज शून्यावर येत नाही. म्हणून दर वेळी वजन उतरवल्यावर भाचा आधी शून्य बघतो.